लोणच्याला बुरशी का येते? मीठ, तेल आणि उन्हाचा हिशोब

मृग नक्षत्र लागलं की मंडईत मोठ्या अडकित्त्यावर लोणच्याच्या कैऱ्या फोडून देणारे बसतात, आणि साधारण जुलैच्या मध्यापासून माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न येऊ लागतो. तपासणी झालेली असते, गोळ्या लिहून झालेल्या असतात, आणि उठता उठता कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, लोणच्यावर थोडी बुरशी आली आहे. वरचं काढून टाकलं तर चालेल ना?"

उत्तर एका शब्दात देता येतं, पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. कारण पुढचा प्रश्न असतोच: "दरवर्षी तसंच करतो, मग याच वर्षी का?" म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

कैरीच्या फोडीत पाणी भरपूर असतं. १ किलो फोडींत ८५० ग्रॅमच्या आसपास पाणीच धरा. जिवाणू, यीस्ट, बुरशी या सगळ्यांना वाढायला हे पाणी लागतं. मीठ ते पाणी काढून टाकत नाही, तर स्वतःला बांधून घेतं. फोडींना मीठ चोळलं की तासाभरात ताटलीत पाणी सुटतं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. फोडीतलं पाणी मिठाकडे ओढलं जातं, थोड्या दिवसांत मीठही फोडीत शिरतं, आणि आत-बाहेर सारखाच खारटपणा होतो. अशा खारात पडलेल्या जिवाणूच्या अंगातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. पाणी समोर दिसतं, पण त्याला ते पिता येत नाही, समुद्रात अडकलेल्या माणसासारखी त्याची गत होते.

मात्र त्यासाठी मीठ पुरेसं हवं. आमच्याकडचं जुनं प्रमाण १ किलो फोडींना २०० ग्रॅम, म्हणजे फोडींच्या पाचवा हिस्सा मीठ. वजनाचा हिशोब केला तर खारात मिठाचं प्रमाण १९ टक्क्यांच्या जवळ जातं. एवढ्या खारटपणात रोग पसरवणारे बहुतेक जिवाणू वाढूच शकत नाहीत. त्यात कच्च्या कैरीचा आंबटपणा आहेच. मीठ आणि आम्ल हे दोघं मिळून जिवाणूंचा बंदोबस्त करतात. मोहरी, हळद, हिंग यांचाही थोडा हातभार लागतो, पण त्यांच्या भरवशावर मीठ कमी करू नये.

बुरशीची गोष्ट वेगळी आहे. तिला आंबट चालतं, बऱ्यापैकी खारटही चालतं. १९ टक्के मिठाच्या खारावरसुद्धा काही बुरश्या सावकाश का होईना, वाढू शकतात. तिला एक गोष्ट मात्र लागतेच, ती म्हणजे हवा. तेलाचं काम इथे सुरू होतं. तेल जंतूंना मारत नाही, हा एक मोठा गैरसमज आहे. तेल म्हणजे फक्त झाकण. फोडी आणि खार तेलाखाली बुडालेले असतील तर बुरशीला हवा मिळत नाही. म्हणून बरणीत एकूण तेल किती घातलं यापेक्षा ते फोडींच्या वर किती उभं आहे हे महत्त्वाचं. बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत तरी थर दिसायला हवा.

आणि हा थर पहिल्या दिवशी पाहून भागत नाही. मोहरीची डाळ फुगते, मसाला तेल पितो, फोडीही थोडं शोषतात. आठ-दहा दिवसांनी झाकण उघडलं की तेल खाली गेलेलं आणि चार फोडी वर डोकं काढून बसलेल्या दिसतात. बुरशी नेमकी त्या फोडींवर येते, किंवा बरणीच्या आतल्या कडेला जिथे मसाला माखून राहिला आहे तिथे. तेव्हा तेल कढवून, पूर्ण गार करून वरून ओतायचं आणि कडा कोरड्या फडक्याने पुसून घ्यायच्या. कोमट तेल ओतून झाकण लावलं तर आत वाफ धरते, तिचं पाणी होऊन झाकणाला थेंब लटकतात आणि ते परत लोणच्यात पडतात. ओल्या चमच्याचंही तेच. थेंब तेलातून खाली जातो आणि जिथे थांबतो तिथला खार पातळ करतो. बरणीभर लोणचं ठीक असतं, पण त्या एका जागी जंतूंना पाणी मिळतं.

आता ऊन. "उन्हाने जंतू मरतात" असं सर्रास म्हटलं जातं. चिनी मातीच्या बरणीत ऊन आत शिरतच नाही, त्यामुळे तो विचार सोडून द्या. ऊन पाणी उडवतं, एवढंच त्याचं काम. मीठ-हळद लावलेल्या फोडी रात्रभर ठेवून, सुटलेलं पाणी निथळून, दोन-चार तास उन्हात पसरल्या की फोडीतलं पाणी आणखी कमी होतं. निथळलेल्या पाण्याबरोबर थोडं मीठही जातं, हे लक्षात ठेवून मसाल्यात मीठ घालावं. जाडं मीठही उन्हात किंवा कढईत कोरडं करून घ्यावं, कारण पावसाळी हवेत मीठ स्वतःच पाणी धरतं. डब्यातलं मीठ ओलसर झालेलं आपण पाहतोच.

लोणच्याचंही तसंच होतं, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. जुलैतल्या दमट हवेत उघड्या बरणीतला खार हवेतलं पाणी ओढून घेतो आणि वरचा थर पातळ होत जातो. दादरा बांधून बरणी उन्हात ठेवणं मे महिन्यात उत्तम, कारण कापडातून वाफ बाहेर जाते. पावसात त्याच कापडातून दमटपणा आत येतो. तेव्हा घट्ट झाकण हवं आणि दादरा झाकणावरून. काचेची बरणी रोज उन्हात ठेवण्याच्याही मी विरोधात आहे. उजेडाने तेल लवकर खवट होतं.

गेल्या वर्षीचं एक उदाहरण सांगतो (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). साठीच्या एक काकू, दहा वर्षांपासून रक्तदाब. मीठ कमी करा असं मी प्रत्येक भेटीत सांगतो, आणि त्या फार मनावर घेणाऱ्या. त्यांनी २ किलो कैरीला नेहमीच्या ४०० ग्रॅमऐवजी १५० ग्रॅम मीठ घातलं. बाकी सगळं तसंच. तीन आठवड्यांनी झाकण उघडताना फुस्स आवाज आला, खाराला बुडबुडे होते, वर पांढुरकी साय धरली होती आणि वास किंचित दारूसारखा. बाटलीत थोडं लोणचं घेऊन त्या दवाखान्यात आल्या.

"तेल तर दोन बोटं वर होतं हो डॉक्टर!" हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण मीठ खारात आठ टक्क्यांवर आलं होतं. एवढ्यात यीस्ट मजेत वाढतं, आणि त्याला हवा नसली तरी चालतं. साखर खाऊन ते वायू आणि अल्कोहोल तयार करतं. बुडबुडे आणि वास त्याचा. वायूने फोडी वर ढकलल्या गेल्या, तेलाचा थर फाटला, आणि मग पांढरी साय धरायला जागा मिळाली. कैऱ्याही थोड्या पाडाला आलेल्या होत्या, म्हणजे आंबटपणा कमी आणि साखर जास्त.

वरची साय काढून उरलेलं वापरावं का? नाही. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या खाली गेलेले असतात, आणि काही बुरश्या जी विषं सोडतात ती उकळूनही पुरती जात नाहीत. शिवाय ही साय आणि बुरशी लोणच्यातलं आम्लच खातात. म्हणजे ज्या आंबटपणावर भिस्त होती तो कमी होत जातो आणि एरवी दबून असलेल्या जिवाणूंना वाट मिळते. काकूंनी अख्खी बरणी टाकली. त्यांना वाईट वाटलं ते कैऱ्यांपेक्षा तेलाचं.

एक अपवाद सांगायला हवा. बरणीच्या कडेला दिसणारं सगळंच पांढरं बुरशी नसतं. कधी मिठाचे खडे धरतात. बोटाला कणीसारखे लागतात आणि चमचाभर पाण्यात विरघळतात. बुरशी कापसासारखी, लवदार असते आणि विरघळत नाही.

आता त्यांच्या रक्तदाबाचं. पूर्ण मिठाच्या लोणच्यात मसाला आणि तेल धरून साधारण १२ टक्के मीठ असतं. १० ग्रॅमच्या एका चमच्यात सव्वा ग्रॅम. दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम धरतात, त्यातला चौथा हिस्सा एका चमच्यात संपला. त्यांच्या कमी मिठाच्या लोणच्यात हेच अर्धा ग्रॅम होतं. म्हणजे टिकाऊ लोणचं अर्धा चमचा घेतलं तरी जवळपास तेवढंच मीठ पोटात जातं. मी त्यांना सांगितलं, "काकू, मीठ बरणीत कमी करू नका, ताटात कमी करा." एक लहान फोड, तीही खार झटकून. रोज दोन चमचे खायची सवय असेल तर कमी मिठाचं ताजं लोणचं पाव किलो कैरीचं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. ते बाहेर ठेवायचं नाही.

लो सोडियम मीठ घालून वर्षाचं लोणचं करावं का, असंही विचारतात. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. वजनाला वजन ते पाणी कमी बांधतं, त्यामुळे नेहमीच्याच मापाने घातलं तर लोणचं कमी टिकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांत आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या (नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असतं त्या) घेणाऱ्यांत रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि ते हृदयाच्या ठोक्यांवर येतं. हे मीठ आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.

शेवटी लसणीबद्दल, कारण कैरीचं लोणचं जमलं की तीच पद्धत लसणीला लावली जाते. तेलाखाली हवा नसते, आणि बोट्युलिझमचा जिवाणू नेमका हवा नसलेल्या जागी वाढतो. त्याचं विष मज्जासंस्थेवर परिणाम करतं. आधी एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास, मग श्वासाचे स्नायू. चव किंवा वास बिघडलेला असेलच असं नाही. कैरीच्या आंबटपणात तो वाढू शकत नाही, म्हणून तिथे तेल निर्धोक आहे. लसूण आंबट नसते. लसूण किंवा ओली मिरची नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर महिनोन्‌महिने ठेवू नका. लोणचं घालायचंच तर भरपूर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि पुरेसं मीठ घालून, फोडी त्यात नीट मुरल्यावरच वर तेल घाला आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवा. आणि असं काही खाल्ल्यानंतर एकाचे दोन दिसू लागले किंवा गिळता येईनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि काय खाल्लं ते सांगा. जमल्यास बरणीही सोबत न्या.