रोजचं पेनिसिलिन, पण कधीपर्यंत?

अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करायचा आणि थांबायचं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून इथे इंग्लंडमध्ये डॉक्टरीणबाईंनी "पेनिसिलिन व्ही, २५० मिलिग्रॅम, रोज दोनदा, निदान वर्षभर" असं सांगितलं तेव्हा मी चक्रावलेच. ताप नाही, लाली नाही, मग गोळ्या कशासाठी?

गर्भाशयाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढल्या, तेव्हापासून माझा डावा पाय सुजलेला असतो. वर्षाच्या आत दोनदा तो लालबुंद, गरम झाला आणि हुडहुडी भरून ताप आला. हाच सेल्युलायटिस. बाईंनी सांगितलं, की निचरा न होणाऱ्या पायात जंतूंचं, बहुतेकदा स्ट्रेप्टोकोकसचं, फावतं. प्रत्येक हल्ल्यात उरल्यासुरल्या लसिकावाहिन्याही खराब होतात, सूज वाढते आणि पुढचा हल्ला सोपा होतो. रोजची छोटी मात्रा हे चक्र तोडण्यासाठी.

"मग वर्षानंतर बंद ना?" मी विचारलं. त्यावर त्यांनी एक चाचणी सांगितली. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २७४ रुग्णांवरची, २०१३ साली प्रसिद्ध झालेली. वर्षभर पेनिसिलिन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के लोकांना पुन्हा सेल्युलायटिस झाला, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी ३७ टक्के लोकांना. पण गोळ्या थांबल्यावर पुढच्या काळात दोन्ही गट सारखेच! म्हणजे गोळी पोटात जाते तोवरच राखण करते. शिवाय आधीपासून सूज असलेल्यांना, वजन जास्त असलेल्यांना आणि तीन किंवा अधिक हल्ले झालेल्यांना तिचा गुण कमी येतो. हे ऐकून मी हिरमुसले, कारण पहिली अट मला चपखल लागू होती.

तरी वाट ठरली. पहिलं वर्ष नीट गेलं तर दुसऱ्या वर्षी दिवसाला एकच गोळी. दोन वर्षं हल्ला झाला नाही तर बंद करून पाहायचं. बंद केल्यावर पुन्हा उलटला तर मात्र कदाचित आयुष्यभर. बॉडी मास इंडेक्स ३३ किंवा त्याहून जास्त असता तर सुरुवातच ५०० मिलिग्रॅमने झाली असती.

लिम्फिडीमाच्या नर्सचा भर गोळ्यांपेक्षा पायावरच होता. रोज घट्ट मोजा, बोटांच्या बेचक्या कोरड्या, चिखल्या दिसल्या की लगेच मलम. बुरशीने फाटलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडं दार, आणि ते दार गोळी बंद करत नाही. मला हे गोळीहून जास्त पटलं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. रोजच्या गोळ्या चालू असतानाही पाय लाल, गरम झाला आणि थंडी वाजली, तर त्या मात्रेवर विसंबू नका. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तेव्हा पूर्ण मात्रेचं औषध लागतं, निदान १४ दिवस. रोजची गोळी त्यानंतर पुन्हा. आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते सुरुवातीलाच सांगा.