अडीच दिवस सेवेचे, एक दिवस भटकण्याचा



जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील दहा जण उज्जैनला जाणार आहोत. शहराबाहेर अंबोदिया गावात सुधीरभाई गोयल यांचा सेवाधाम आश्रम आहे. रस्त्यावर टाकून दिलेले वृद्ध, अपंग, मनोरुग्ण तिथे राहतात. मुक्काम नानाखेड्यात, बसस्थानकाजवळ. महाकालाच्या परिसरातली गर्दी तिथे नसते, आणि रोजच्या ये-जेला एकच गाडी ठरवता येते.

मंगळवारी संध्याकाळी बोरिवलीहून अवंतिका एक्स्प्रेस, बुधवारी सकाळी उज्जैन. त्या दिवशी काम नाही. दुपारी फक्त आश्रमात जाऊन तिथल्या कार्यकर्त्यांना भेटायचे. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी दुपारपर्यंत सेवा.

सेवा कोणती, हे आम्ही ठरवणार नाही. दुसऱ्या एका संस्थेतील सिस्टरांनी सांगितलेले आम्ही विसरलेलो नाही: "पाहुणे येतात ते भरवायलाच येतात. आजीला दोन वेळा भरवले जाते आणि चादरींचा ढीग तसाच राहतो." अंघोळ घालणे, भरवणे ही ओळखीच्या हातांची कामे. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला अनोळखी माणसाने घाईने घास दिला, तर ठसका लागून जिवावर बेतू शकते. म्हणून आश्रमाला आधीच फोन करून एकच विचारायचे: माणसे नाहीत म्हणून कोणते काम पडून आहे? कपडे मापाप्रमाणे लावणे, भाजी निवडणे, शिवण, खाटांची डागडुजी, जे सांगतील ते. आमच्यात एक शिंपी आहे, एक सुतार. हेही त्यांना कळवू. दहा जणांच्या जेवणाचा खर्च आपण द्यायचा. रहिवाशांचे फोटो काढायचे नाहीत.

प्रेषित सेवेहून परतले तेव्हा प्रभूने त्यांना एकांतात विश्रांतीला बोलावले (मार्क ६). लोकांनी मात्र तिथेही गाठलेच! आपली विश्रांती शनिवारी दुपारपासून. संध्याकाळी बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले गोपाळ मंदिर आणि आसपासचा बाजार पाहू. दमलेल्यांनी खुशाल खोलीवर झोपावे.

रविवारी सकाळी मिस्सा. उज्जैन महाधर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा, त्यामुळे उपासनेचा क्रम आपल्यापेक्षा वेगळा वाटेल. मुलांना आधी सांगून ठेवावे. मग सवाई जयसिंगांची वेधशाळा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती केली. तिथल्या सम्राट यंत्राची सावली आपल्या घड्याळाच्या मागे असते, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि उज्जैन त्याच्या पश्चिमेला. फरक सुमारे २७ मिनिटांचा. जानेवारीच्या त्या दिवसांत त्यात आणखी अकराएक मिनिटांची भर पडते. म्हणजे खरी मध्यान्ह आपल्या घड्याळात १२.३८ च्या सुमारास. ढग नसतील तर ती डोळ्यांनी पाहता येईल, म्हणून साडेबाराच्या आधी तिथे पोहोचू.

रविवारी संध्याकाळी परतीची अवंतिका, सोमवारी पहाटे घर. महाकालाची सोमवारची गर्दीही त्यामुळे टळते. नावे पुढच्या रविवारच्या मिस्सानंतर द्यावीत. शिवणयंत्र चालवता येणारे आणखी एक जण मिळाले तर बरे.