लाल दिवा आणि हरवलेली धून

शनिवारची रात्र. मॉड्युलर सिंथवर अखेर मनासारखी धून जमली, लगेच रेकॉर्ड केली. ऐकते तर काय, नुसती खरखर! सॉफ्टवेअरमध्ये आवाज कमी केला, तर तीच खरखर हळू ऐकू आली. कारण सिग्नल इंटरफेसमध्ये शिरतानाच कापला गेला होता.

घोळ एका बटणाचा होता. इनपुट ‘इन्स्ट्रुमेंट’वर होतं, म्हणजे गिटारच्या नाजूक सिग्नलसाठी. मॉड्युलर मात्र टोकापासून टोकापर्यंत चक्क १० व्होल्ट सोडतो. आता मी आधी ‘लाइन’ निवडते, गेन अगदी खाली ठेवते. तरीही लाल दिवा पेटलाच, तर सिंथच्याच आउटपुट मॉड्युलवर लेव्हल उतरवते. मीटरची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास आली की मगच रेकॉर्ड!

ती धून मात्र पुन्हा काही जमली नाही.