मनू, मनुली आणि लेकरू

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्यातल्या गावांत मराठी अजून घराघरांत बोलली जाते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तालुके राज्यसीमेच्या पलीकडे गेले, बेला-जैनदकडची मराठी माणसं अलीकडे राहिली. या भागातलं घरगुती बोलणं इंग्रजीत नेताना मला सर्वांत जास्त अडवतात ते लाडाचे प्रत्यय. सोनुली, छकुली, चिमुकलं, लेकरू, सगळ्यांसमोर भाषांतरकार एकच लिहितो : 'माय लिटल वन'.

मनीषा हे नाव घ्या. त्याला थेट '-ली' लागत नाही. 'मनीषाली' कुणीच म्हणणार नाही. आधी नावाचा पहिला तुकडा उचलून त्याला ऊकार द्यावा लागतो : मनू. मग ऊकार ऱ्हस्व होतो आणि '-ली' किंवा '-डी' चिकटते : मनुली, मनुडी. म्हणजे लाड दोन पायऱ्यांनी चढतो आणि पहिली पायरी गाळता येत नाही. '-या'ला मात्र ही अट नाही. गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या सरळ होतो. जोडाक्षरातला 'र' वाटेत गळतो. पण गण्या मित्रांचा आणि भावंडांचा. परक्यानं तशी हाक मारली, तर तो अपमान ठरतो. गणू म्हणण्यात तेवढा धोका नाही.

लेकरू, पोट्टं, बाळ हे शब्द नपुंसकलिंगी आहेत, आणि माझ्या मते मराठीतली सगळ्यात खोल माया तिथंच आहे. मुलगी असो की मुलगा, 'लेकरू आलं', 'सोनं माझं ते'. वासरू, कोकरू, पाखरू यांच्याच ओळीत मूल बसतं. शेजारच्या तेलुगूत व्याकरण वेगळं आहे. तिथं एकवचनी क्रियापदात एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळं. मुलगी आली तरी 'वच्चिंदि', गाडी आली तरी 'वच्चिंदि'. गोंडी-कोलामीतही विभागणी अशीच. लाडासाठी तेलुगू 'बुज्जी', 'चिन्नी', 'बिड्डा' असे वेगळे शब्द वापरते. त्यामुळे दोन्ही भाषांत वाढलेल्या मुलाला नपुंसकलिंगातली ही माया शिकवते ती फक्त मराठी.

भाषांतरात मनुली, गण्या ही रूपं मी आता तशीच ठेवतो. वाचकाला दोन-तीन प्रसंगांत कळतं, कोण कुणाला काय म्हणतं ते. लेकरू मात्र कायम अडतं. पन्नाशीच्या मुलाची वाट पाहत आई म्हणते, "लेकरू अजून जेवलं नाही." तिथं 'लिटल' चालत नाही, कारण तो लहान नाही, आणि तिला तो लहान आहे असं म्हणायचंही नाही. मी तिथं 'माय बॉय' लिहितो. मुलगी असती तर 'माय गर्ल' लिहावं लागलं असतं, आणि आईनं जे सांगितलंच नव्हतं ते इंग्रजीत सांगून मोकळा झालो असतो.