नडगी दुखते आहे? आधी बोटाने चाचपून पाहा

दिल्लीत कोपर्निकस मार्गावर, जुन्या महाराष्ट्र सदनाजवळून सकाळी इंडिया गेटकडे धावत जाणारे बरेच जण दिसतात. माझी भाचीही त्यांच्यात सामील झाली. पहिल्या आठवड्यात ती दिवसाआड 2 किलोमीटर धावत होती, तिसऱ्या आठवड्यात रोज 5. मग दोन्ही नडग्या आतल्या बाजूने, घोट्याच्या वर दुखू लागल्या. धावायला सुरुवात केली की ठणका, अंग गरम झालं की कमी, घरी आल्यावर पुन्हा सुरू.

तुमचंही असं होत असेल, तर खुर्चीत बसा आणि एका बोटाने नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वर दाबत जा. भाचीला निदान चार बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखलं. हे शिन स्प्लिंट्सचं लक्षण. धावताना हाडावर आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंवर ताण पडतो. हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत सरावतात, हाडाला मात्र जास्त वेळ लागतो. म्हणून दम लागत नाही आणि नडगी मात्र तक्रार करते.

तिच्या मैत्रिणीचं दुखणं वेगळं होतं. एकाच पायात, बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबलं की ती कळवळायची. धावताना वेदना वाढतच जायची, पुढे चालतानाही दुखू लागलं आणि रात्री झोपमोड होऊ लागली. हा स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे हाडाला गेलेल्या बारीक तड्याचा इशारा. तिचा एक्स-रे स्वच्छ आला. तडा एमआरआयमध्ये दिसला. पहिले दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला तरी एका जागी दुखत असेल, तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

भाचीने दोन आठवडे धावणं थांबवलं, सायकल चालवली आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ रोज 15 मिनिटं लावला. भराभर चालताना आणि दाबल्यावर दुखेनासं झाल्यावर तिने दिवसाआड एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं असं पुन्हा सुरू केलं. वेदनाशामक गोळी घेऊन धावणं मात्र टाळलं. गोळीने इशाराच दबतो.

दुखणं एका बिंदूवर असेल, विश्रांतीतही किंवा रात्री होत असेल, लंगडावं लागत असेल, तर धावणं लगेच बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखरा बिंदू नडगीच्या पुढच्या धारेवर असेल, तर त्याच आठवड्यात जा; तिथला तडा उशिरा भरतो आणि वाढूही शकतो. दोन-तीन आठवडे विश्रांती घेऊनही पट्ट्यातलं दुखणं कमी झालं नाही, तरीही जा. मुलींनो, पाळी अनियमित झाली असेल किंवा जेवण कमी केलं असेल, तर तेही सांगा. अशा वेळी हाडाला तडा जाण्याचा धोका वाढतो.