परिपाठाचा आठवडा

सोमवार, २१ जुलै २०२५. माधवनगर

या आठवड्याचा परिपाठ आमच्या सातवीकडे. मधल्या सुट्टीत मुलांना बसवून क्रम ठरवला. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि प्रार्थना हे सगळं उभ्यानं, एका दमात. मग सगळ्यांनी खाली बसायचं आणि सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्न. शेवटी दोन मिनिटं मौन. मागं एका वर्गानं प्रतिज्ञा बातम्यांनंतर घेतली होती. पोरं बसली, उठली, पुन्हा बसली आणि त्या गडबडीत बोधकथा वाहून गेली.

वेळ खरा कुठं जातो, ते आज घड्याळ लावून पाहिलं. प्रत्येक मूल पुढं येतं आणि म्हणतं, ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी तुम्हाला आजचा सुविचार सांगणार आहे, तो तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावा, ही नम्र विनंती.’ सुविचार पाच सेकंदांचा आणि प्रस्तावना पंधराची! उद्यापासून नमस्कार एकदाच, तोही सूत्रसंचालन करणारीनं. बाकीच्यांची नावं ती पुकारील, त्यांनी थेट विषयाला हात घालायचा.

मंगळवार, २२ जुलै

सुविचारासाठी चौघांनी मोबाईलवरून वाक्यं उतरवून आणली. तिघांच्या वाक्याखाली विवेकानंद किंवा कलाम. कोणत्या पुस्तकातलं, हे एकालाही सांगता येईना. त्यामुळं नियम केला : ठावठिकाणा ठाऊक नसेल तर वाक्याखाली नाव घालायचं नाही. वाक्य एका श्वासात म्हणता आलं पाहिजे, कारण सगळी शाळा ते मागोमाग म्हणते. आणि ‘म्हणजे काय?’ असं विचारलं तर सांगणाऱ्याला एक उदाहरण देता आलं पाहिजे.

एका मुलीचे आजोबा कापड गिरणीत होते. ती म्हणाली, “आजोबा म्हणतात, सूत तुटलं की तिथंच गाठ मारावी.” म्हणजे काय, विचारलं. “पुढं गेलं तर कापडात दिसतं. गणित अडलं की त्याच दिवशी विचारायचं, तसं.” तेच वाक्य गुरुवारच्या फळ्यासाठी ठेवलं.

बुधवार, २३ जुलै

आजच्या दिनविशेषात मुलानं मार्गदर्शकातले नऊ प्रसंग धडाधड वाचले. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६चा आणि चंद्रशेखर आझादांचा १९०६चा, दोन्ही त्या यादीत होते. नंतर वर्गात विचारलं, तर टिळक तेवढे सांगता आले. तेही आधीच माहीत असलेले. उद्या एकच प्रसंग घ्यायचा आणि चार वाक्यांत सांगायचा : कधी, कुठं, कोण, पुढं काय झालं. उद्याचा प्रसंग तर इथून हाकेच्या अंतरावरचा, सांगलीचा.

गुरुवार, २४ जुलै

पाऊस, म्हणून परिपाठ व्हरांड्यात. ‘सावधान’ झालं. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत संपायला हवं, पण पोरं लांबवत नेतात, विशेषतः शेवटचा जयघोष. सूर धरणाऱ्या मुलीला मांडीवर बोटानं ताल धरायला सांगितलं होतं, त्यानं बरंच सावरलं. मग राज्यगीत. १९ फेब्रुवारी २०२३पासून ते राज्यात अधिकृत झालं. त्याची दोनच कडवी म्हणायची.

फळ्यावर वार-तारखेखाली मुलीनं ‘आषाढ अमावस्या’ लिहिलं होतं आणि त्याखाली ‘भारतीय सौर २ श्रावण, शके १९४७’. पाचवीतल्या एकानं हात वर केला : “बाई, आषाढ की श्रावण?” दोन्ही बरोबर. पंचांगातला महिना चंद्रावर चालतो, आपल्याकडं अमावस्येला संपतो आणि श्रावण उद्या लागतो. सरकारी दिनदर्शिका सूर्यावर चालते, तिचा श्रावण कालच, २३ जुलैला सुरू झाला.

दिनविशेष असा झाला : “२४ जुलै १९४३. वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन निसटले आणि पूर आलेल्या कृष्णेकडं धावले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले. दादांना गोळी लागली आणि ते पकडले गेले.” बोलणाऱ्यानं हातात कागद घेतला नव्हता. मागच्या ओळीतही कुजबुज नव्हती.

सगळा परिपाठ अठरा मिनिटांत आटोपला. पहिला तास वेळेवर लागला.

शुक्रवार, २५ जुलै

प्रश्न कालच्याच परिपाठावर काढले. पत्रावळे-जाधवांची नावं तिसरीच्या मुलांनीही सांगितली. सुविचार विचारला, तर शब्द मागंपुढं झाले, पण गाठ आणि कापड दोन्ही जागेवर.

एक अडचण राहिली. व्हरांड्यात पत्र्यावर पाऊस वाजतो आणि बातम्या पहिल्या तीन ओळींपलीकडं पोहोचत नाहीत. पावसाच्या दिवशी बातम्या दोनच ठेवायच्या आणि वाचणाऱ्यानं टोकाला न थांबता मध्यभागी उभं राहायचं, असं ठरलं. सहावीच्या वर्गनायकाला हे सगळं वहीत उतरवून दिलं. सोमवारपासून पाळी त्यांची.