पोटाचे लिहिलेस म्हणून

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका शेतकऱ्याच्या घरी ठिबकची पाहणी करायला गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला, पण घरच्या बाईंचे लक्ष बोलण्यात नव्हते. त्यांची मुलगी पदविका पूर्ण करून, नोकरीवर रुजू होण्याआधी पंधरा दिवस एकटीच केरळ पाहायला गेली होती. रोज रात्री तिचा निरोप येई, ‘मी मजेत आहे, काळजी करू नका.’ बाई मला म्हणाल्या, “साहेब, पोरगी रोज कळवते. पण ते वाचलं की काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. असं का होतं?”

वाचकहो, याचे उत्तर माझ्याजवळ होते. ते एका जुन्या आंतरदेशीय पत्रात आहे. माझ्या आईने मरेपर्यंत ते हळदीकुंकवाच्या डब्याखाली जपून ठेवले होते.

साल होते १९९४. कृषी पदवीचा निकाल लागून सहा महिने झाले होते. एका बियाणे दुकानात हिशेब लिहून मी सातशे रुपये जमवले होते. ते घेऊन एकट्यानेच विजापूर, बदामी आणि हंपी पाहून यावे असे मनात आले. आमचे घर श्रीगोंदा तालुक्यात. घरातून आजवर कोणी हौसेने प्रवासाला गेलेले नव्हते. लोक बाहेर पडत ते पोट भरण्यासाठी. आईने तर जेवणच सोडले.

त्याला कारण होते माझे धाकटे चुलते. १९७२ च्या दुष्काळात ते मुंबईला गेले. महिन्याकाठी त्यांचे कार्ड येई. त्यावर एकच ओळ असे, ‘मी खुशाल आहे, काळजी करू नये.’ दोन वर्षे ती ओळ येत राहिली. मग एके दिवशी दोन माणसांनी धरून त्यांना घरी आणले. छातीचा क्षय शेवटच्या टप्प्याला गेला होता. आईने त्यांची तीन महिने सेवा केली, पण ते राहिले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात ‘खुशाल’ या शब्दावर कोणाचा विश्वास उरला नव्हता.

अण्णांनी मला अडवले नाही. त्यांनी पोस्टातून एक कार्ड आणि तीन आंतरदेशीय पत्रे आणली, सर्वांवर आपल्या हाताने घरचा पत्ता लिहिला आणि म्हणाले, “सोलापुरात उतरलास की कार्ड टाक. आठ दिवसांनी पत्र. बाकी तुझं तू बघ.”

सोलापुरातून मी कार्ड टाकले. त्यावर काय लिहिले, हे सांगायची आज लाज वाटते. तेच लिहिले होते, खुशाल आहे, काळजी नसावी.

आठव्या दिवशी बदामीच्या धर्मशाळेत पत्र लिहायला बसलो. पहिली ओळ तीच उतरली. ती वाचताना चुलत्यांची कार्डे डोळ्यांपुढे आली आणि मी ते पत्र फाडून टाकले. दुसऱ्या पत्रात जे लिहिले ते असे:

‘बदामी, सोमवार ता. १० जानेवारी १९९४.

तीर्थरूप अण्णा व सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

सोमवारी रात्री दौंडला गाडीत बसलो. मंगळवारी सकाळी सोलापुरात उतरलो आणि सिद्धेश्वराचे दर्शन घेतले. तिथून गदगकडे जाणारी मीटरगेजची छोटी गाडी धरली. ती इतकी सावकाश चालते की रुळाकडेची पिके मोजता येतात. काळी जमीन आहे आणि ज्वारी हुरड्याला आली आहे. अण्णा, इकडे ज्वारीत करडईच्या ओळी आपल्यासारख्याच धरतात. कडेला काटेरी करडई असली की जनावर आत शिरत नाही, हे सोबतच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला खुणांनी सांगितले.

विजापुरात दोन रात्री स्टेशनजवळच्या लॉजमध्ये राहिलो. गोल घुमटाच्या आत वर एक गोल सज्जा आहे. तिथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले तरी समोरच्या बाजूच्या माणसाला ऐकू येते. मी “आई” अशी हाक मारली, तर ती पुन्हा पुन्हा परत आली. आजूबाजूचे लोक हसले.

आता जे लिहितो ते नीट वाचावे. गुरुवारी बदामीला येताना वाटेत तहान लागली, म्हणून एका उघड्या रांजणातले पाणी प्यालो. चूक माझी. शुक्रवारी पहाटेपासून सहा जुलाब झाले. धर्मशाळेचे म्हातारे रखवालदार देवमाणूस आहेत, त्यांनी पाणी उकळून दिले. ते गार करून एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले. चमचा चहाचा. प्रत्येक जुलाबानंतर हे पाणी पेलाभर घोटघोट प्यालो. ताप नव्हता, रक्त पडले नाही आणि लघवी वेळेवर होत होती, म्हणून दवाखान्यात गेलो नाही. यातले एक जरी बिघडले असते तर गावातला सरकारी दवाखाना कुठे आहे ते विचारून ठेवले होते. दिवसभर मऊ भात आणि ताक घेतले. शनिवारी दुपारनंतर पोट थांबले. काल ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, ती पचली. आता पाणी उकळलेलेच पितो.

काल लेणी पाहिली. तांबड्या दगडाच्या डोंगरात चार लेणी आहेत आणि खाली मोठा तलाव आहे. तिसऱ्या लेण्यात शके ५०० सालचा लेख कोरलेला आहे. पायऱ्या चढताना मधे दोनदा बसलो, अजून थोडा अशक्तपणा आहे.

पैशांचा हिशेब असा. गाडी, एस. टी. आणि टांगा ९६, राहणे ७०, जेवण ११२, किरकोळ २२. एकूण ३०० गेले, ४०० शिल्लक आहेत. त्यातले २५० आईने शिवलेल्या कमरेच्या पिशवीत, १०० बॅगेच्या तळाशी आणि ५० खिशात आहेत.

उद्या एस. टी. ने पट्टदकलची देवळे पाहून रात्री इथेच परत येईन. बुधवारी ता. १२ ला गदगमार्गे होस्पेटला जाईन. तिथून हंपी जवळ आहे. ता. १९ पर्यंत तिथे आहे. उत्तर लिहायचे तर माझ्या नावाखाली “पोस्टमास्तर यांचे मार्फत, मुख्य पोस्ट ऑफिस, होस्पेट” असा पत्ता घालावा. असे पत्र पोस्टात राखून ठेवतात आणि ओळख पटवली की देतात. पुढचे पत्र मी ता. १५ ला टाकीन. ते ता. २० पर्यंत आले नाही तर दोन दिवस वाट पाहावी, टपालाला उशीर होतो. ता. २२ ला मी स्वतः दारात असेन.

संक्रांतीला घरी नाही, याचे वाईट वाटते. आईने जेवावे.’

हे पत्र टाकले आणि लगेच पश्चात्ताप झाला. जुलाबाचे कशाला लिहिले? आई आता रडून घर डोक्यावर घेईल, असे वाटत राहिले. पट्टदकलला मलप्रभेच्या काठी इतकी सुंदर देवळे उभी आहेत, पण माझे अर्धे लक्ष त्या पत्रात होते. होस्पेटला पोचल्यावर रोज सकाळी आधी पोस्टात जायचे आणि मग हंपीची एस. टी. धरायची, असा नेम केला. चार दिवस खिडकीवरचा कारकून मान हलवून ‘नाही’ म्हणाला. पाचव्या दिवशी त्याने माझे कॉलेजचे ओळखपत्र पाहिले आणि एक जाड पाकीट पुढे सरकवले.

आत तिळगुळाचा चुरा होता आणि अण्णांच्या हातचे अर्धे पान. ते पत्र पुढे हरवले, पण मजकूर मला पाठ आहे. ज्वारीवर चिकटा दिसतो, बैलाचा खांदा बरा आहे, असे आधी लिहून शेवटी लिहिले होते: ‘तुझे कार्ड आले त्या दिवशी तुझी आई जेवली नाही. पत्र आले त्या दिवशी जेवली. पोटाचे लिहिलेस म्हणून बाकीचे खरे वाटले.’

पोस्टाच्या पायरीवर बसून मी तो तिळगुळाचा चुरा खाल्ला. डोळे भरून आले, हे इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

घरी आल्यावर धाकट्या बहिणीने सांगितले, की आईने ते पत्र तीनदा वाचून घेतले. घुमटाचे आणि लेण्यांचे तिने एकदाच ऐकले. जुलाबाचे, कमरेच्या पिशवीचे आणि तारखांचे मात्र पुन्हा पुन्हा विचारले. ‘लघवी होत होती म्हणतो ना? मग ठीक आहे,’ असे म्हणून ती चुलीपुढे जाऊन बसली. आई शिकलेली नव्हती, पण हगवणीने पोर सुकते तेव्हा काय पाहायचे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. मी तिला तपासायला काहीतरी दिले होते. तिने ते आपल्या अनुभवावर घासून पाहिले आणि तिची खात्री पटली. ‘काळजी करू नका’ या ओळीत तपासण्यासारखे काही नसते. म्हणून मन स्वतःच त्यात वाईट ते भरत बसते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बिघडले ते कळवायचे, पण पुढे काय केले आणि आता कसे आहे, हे सोडून नुसते दुखणे कळवायचे नाही. शुक्रवारी जुलाब चालू असताना मी पत्र टाकले असते, तर ते वाचून घरची माणसे रात्रीच बदामीची वाट धरून निघाली असती. अर्थात दुखणे अंगाबाहेर जात असेल, तर पत्राची शोभा पाहायची नाही. तेव्हा मदतच मागायची. चुलत्यांनी पहिल्या खोकल्याला तेवढे केले असते, तर कदाचित ते वाचले असते.

ही हकिकत मी त्या बाईंना सांगितली. त्यांनी मुलीला लांबलचक काही सांगितले नाही. त्या रात्री फोनवर चारच गोष्टी विचारल्या: आज कुठे झोपणार, काय खाल्लेस, पैसे किती उरले आणि आज काय बिघडले? शेवटच्या प्रश्नावर मुलगी जरा थांबली. मग म्हणाली, कालची बस चुकली होती. दोन तास थांब्यावर बसावे लागले, भीती वाटली होती. मग तिथल्या मासे विकणाऱ्या एका बाईजवळ जाऊन बसले आणि पुढची बस येईपर्यंत हलले नाही. डोंगरात फोनला रेंज नसते, म्हणून रोज रात्री आठला मीच फोन करीन; नऊपर्यंत आला नाही तर लॉजच्या नंबरवर विचारा.

परवा रस्त्यात त्या बाई भेटल्या. म्हणाल्या, “साहेब, बस चुकल्याचं कळलं आणि त्या रात्री मला झोप लागली.”